पाळी जाण्याच्या वयात वजन उचलताना: नागपूरच्या एका मॅडमची ३२ आठवड्यांची वही

मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट होता आणि चेहऱ्यावर राग. "सहा वर्षं झाली, रोज सकाळी अंबाझरीला पाच किलोमीटर चालते. एक दिवस सोडत नाही. मग हाडं काहून कमी झाली?"

त्या शाळेत शिकवतात म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणते. वय ४८, उंची १५४ सेंटीमीटर, वजन ६३ किलो. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी, आणि आली की अंगावरून भरपूर जायचं. रात्री अंगातून गरम वाफा निघाल्या की कुलरच्या पुढ्यात जाऊन बसायच्या. आईचं खुब्याचं हाड ७१व्या वर्षी न्हाणीघरात घसरून मोडलेलं, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी, करायला सांगितली. तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून त्यात जो आकडा देतात तो टी-स्कोअर. मणक्याचा उणे १.७ आला, खुब्याचा उणे १.३. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे हाडं विरळ होऊ लागलेली, आणि उणे २.५ किंवा त्याखाली हाडं ठिसूळ झालेली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, असा तो हिशेब असतो.

मी नागपुरात या वयाच्या बायकांना वजनं उचलायला शिकवते. मॅडमचा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. चालणं वाईट नाही, साखरेला आणि मनाला ते चांगलंच. पण हाड वाढतं ते त्याला सवय नसलेल्या भाराने. सहा वर्षं रोज तोच रस्ता, तोच वेग, तेच ६३ किलो. हाडाला यात नवीन काही कळत नाही. आणि शरीर नेमकं याच वर्षांत हाडाची झीज वाढवतं. आपल्या हाडात जुनं खरवडणाऱ्या आणि नवं लिंपणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करत असतात. खरवडणाऱ्यांना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन लगाम घालून ठेवतं. पाळी जाताना तो लगाम सैल झाला की लिंपणाऱ्या मागे पडतात. शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून ते नंतर दोनेक वर्षांपर्यंत ही झीज सगळ्यात जोरात असते. मणक्यातून वर्षाला सुमारे दोन टक्के हाड जाऊ शकतं. म्हणजे मॅडम अगदी उताराच्या तोंडाशी होत्या.

भारी वजन या वयात उचलावं का, याचं चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या अभ्यासातून मिळालं. तो २०१८ मध्ये छापून आला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका होत्या, सगळ्या मॅडमपेक्षा वयाने मोठ्या. अर्ध्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलली आणि उडी मारून जमिनीवर उतरायचा सराव केला. त्यांच्या मणक्याचं हाड सुमारे ३ टक्के वाढलं. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला, त्यांचं एक टक्क्याहून थोडं जास्त घटलं. या अभ्यासात 'देखरेखीखाली' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तिथली जड वजनं पहिल्या दिवशी उचलायची नसतात. तिथपर्यंत पोचायला मॅडमना १५ आठवडे लागले, आणि ही वही मुख्यतः त्या वाटेची आहे.

वजनाला हात लावण्याआधी

मॅडमचं पहिलं वजन मी तीन आठवडे पुढे ढकललं, कारण त्यांचं हिमोग्लोबिन ९.८ होतं. पाळी जाण्याच्या काळात रक्तस्राव वाढतो, रक्त उतरतं, आणि बाई थकवा वयाच्या नावावर टाकते. अशा अंगाने व्यायाम केला की स्नायू भरत नाहीत, नुसती धाप लागते. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ड जीवनसत्त्वही कमी, १४ निघालं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पण उन्हापासून आपण ओढणी गुंडाळून पळतो, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. त्याचीही गोळी डॉक्टरांनी दिली. थायरॉइड आणि रक्तदाब ठीक होते.

तुमचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं असेल, टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा जिना चढताना छातीत दाटत असेल, तर हा लेख घेऊन आधी डॉक्टरांकडे जा आणि मग एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली सुरुवात करा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिले सहा आठवडे: बादली

आठवड्यातून दोन दिवस, मधे निदान दोन दिवसांची सुट्टी. मॅडमनी मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. पुढे शुक्रवार बदलून शनिवार करावा लागला, त्याचं कारण खाण्याच्या भागात येईल. एका वेळेला ४० मिनिटं. हालचाली पाचच: जमिनीवरून वजन उचलणं, खुर्चीवर बसणं-उठणं, वजन स्वतःकडे ओढणं, वजन डोक्यावर ढकलणं, आणि शेवटी टाचा आपटणं. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडणारी, म्हणून तिच्यावर जरा थांबते. जिमवाले तिला डेडलिफ्ट म्हणतात.

आधी वजन नाही, नुसती झाडूची काठी. काठी पाठीवर उभी धरायची, तिने तीन ठिकाणी टेकलं पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधे, आणि माकडहाडावर. आता दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना आपण मागचं दार बुडाने कसं ढकलतो, तसं बूड मागे न्यायचं. गुडघे थोडेच वाकतात, धड पुढे झुकतं, आणि काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहते. माकडहाडावरून काठी सुटली की समजायचं, आपण कमरेतून वाकलो. मॅडमची काठी पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा सुटली. तीस वर्षं वाकून केर काढल्यावर दुसरं काय होणार!

काठी जमली की बादली. नागपूरकर बाईला बादलीची ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिल ते जून कुलर भरण्यात जातो. बादलीचा मला आवडणारा गुण असा की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजन आपोआप मोजलेलं. दुसरा गुण त्याहून मोठा: झटका दिला की पाणी सांडतं. मॅडमनी आठ लिटरपासून सुरुवात केली. बादली दोन्ही पावलांच्या मधे, घोट्यांच्या रेषेत. बूड मागे, हात सरळ, कडी घट्ट धरायची, श्वास आत घेऊन पोट असं आवळायचं की कोणी बोटाने टोचणार आहे. मग पायांनी जमीन खाली ढकलायची आणि उभं राहायचं. वर आल्यावर श्वास सोडायचा. ठेवतानाही तोच रस्ता, बादली टाकायची नाही. हॉलच्या फरशीवर पाणी सांडलं नाही तो दिवस तिसऱ्या आठवड्यात आला.

दहा वेळा उचलणं झालं की एक फेरी. अशा तीन फेऱ्या, मधे दीड-दोन मिनिटं बसून विश्रांती. या सहा आठवड्यांत फेरी संपताना "अजून चार सहज होतील" असं वाटायला हवं. चुकतंय की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. मांडीची मागची बाजू आणि बुडाचे स्नायू ठणकत असतील तर उत्तम. कमरेवर पट्टा आवळल्यासारखं दुखत असेल तर उचलणं कमरेतून झालं. वजन निम्मं करून पुन्हा काठीवर या.

बाकीच्या हालचाली लवकर जमतात. खुर्चीवर बसा-उठा: हात छातीवर, बसताना तीन आकडे मोजत खाली, खुर्चीला नुसतं टेकायचं आणि उठायचं. गुडघे आतल्या बाजूला पडू द्यायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून छातीशी पाच किलोची तांदळाची पिशवी. ओढण्यासाठी एक हात ओट्यावर टेकवून दुसऱ्या हाताने पाच किलोचं डंबेल कमरेकडे आणायचं. ढकलण्यासाठी दोन-दोन किलोची डंबेल्स खांद्यापासून डोक्यावर. या वयात बऱ्याच जणींचा एक खांदा आखडलेला असतो, साखर असेल तर जास्तच. हात कानाला लागत नसेल तर डोक्यावर ढकलू नका. ओट्यावर हात टेकून तिरके पुशअप करा, खांदा सुटेपर्यंत तेच पुरे.

आठवडे ७ ते १४: बादली सोडून रॉड

सोळा लिटरनंतर प्लास्टिकच्या बादलीची कडी दगा देते. मॅडम आठ लिटरवरून सहाव्या आठवड्यात सोळा लिटरवर आल्या होत्या, म्हणून सातव्या आठवड्यात रॉड घेतला. जिममधला मोठा रॉड बहुधा २० किलोचा असतो, पण छोटे, हलके रॉडही मिळतात. आधी वजनकाट्यावर ठेवून खात्री करून घ्या, कारण नुसत्या अंदाजाने लिहिलेल्या वहीचा उपयोग नाही.

इथे एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. जिमच्या भल्यामोठ्या चकत्या लावल्या की रॉड जमिनीपासून नडगीच्या मध्यापर्यंत येतो. पण नवीन बाई पाच-पाच किलोच्या लहान चकत्या लावते, त्या इवल्याशा असतात, रॉड घोट्याजवळ पडून राहतो. तिथून उचलायला गेलं की पाठीची कमान होतेच. म्हणून चकत्यांखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवायच्या, रॉड नडगीच्या मध्यावर येईल इतक्या. आणि रॉड वर येताना पायाला जवळजवळ घासत आला पाहिजे. तो चार बोटं पुढे गेला तरी कमरेवरचा ताण बराच वाढतो. मॅडम जाड सलवार घालून यायच्या, कापड घासलेलं दिसलं की मी खूश.

आता फेऱ्या चार, प्रत्येकीत आठ वेळा, आणि शेवटच्या फेरीत "अजून तीन होतील" एवढं बाकी ठेवायचं. वाढवायचा नियम एकच: चारही फेऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या, शेवटची स्वच्छ झाली, तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढ, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा किलोची चकती. डोक्यावर ढकलण्याचं वजन मात्र एका हाताला एक किलो, तेही दोन-तीन आठवड्यांनी. फेरी अडली तर तेच वजन पुन्हा. दोनदा अडली तर पाच किलो कमी करून वर या.

हा नियम मीच मोडला. अकराव्या आठवड्यात मॅडमनी ३० किलो इतक्या सहज उचलले की मी हुरळून एकदम साडेसात किलो वाढवले, आणि त्या गडबडीत एका बाजूची वीट सरकलेली मला दिसली नाही. तिसऱ्या उचलीला त्यांची कमर धरली. रॉड खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बाप्पा, काहीतरी झालं." पाय सुन्न नव्हता, कळ गुडघ्याखाली उतरत नव्हती, लघवीवर ताबा होता, म्हणजे ती स्नायूंची उबळ होती. दोन दिवस शेक आणि घरातल्या घरात फिरणं, पलंगावर पडून राहणं नाही. तिसऱ्या दिवशी काठी, पाचव्या दिवशी बादली, नवव्या दिवशी २० किलोचा रॉड. ३० वर परत यायला तीन आठवडे गेले. कळ पायात उतरत असेल, पायात बधिरपणा असेल, किंवा नुसतं वाकल्याने पाठीच्या मध्यावर अचानक तीव्र दुखायला लागलं असेल, तर मात्र शेकत बसू नका. पहिली दोन दबलेल्या नसेची लक्षणं, तिसरं दबलेल्या मणक्याचं असू शकतं, त्याला एक्स-रे लागतो. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी दवाखाना.

गुडघ्याचं गणित वेगळं. बसा-उठाच्या वेळी दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमत असेल तर चालू ठेवा. सकाळीही सूज किंवा ठणका असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, वजन तेच ठेवा. व्यायाम बंद करणं हा गुडघेदुखीवरचा माझा शेवटचा उपाय आहे.

टाचा, उड्या आणि गळती

हाडाला जड भारासोबत झपकन येणारा भारही लागतो. त्यासाठी शेवटची पाच मिनिटं. पहिले सहा आठवडे टाचा आपटणं: भिंतीला हात, चवड्यांवर वर जायचं, आणि टाचा धाडकन जमिनीवर सोडायच्या. दहा वेळा, थांबायचं, पुन्हा दहा. प्रत्येक आपटण्याच्या मधे दोन-तीन सेकंद जाऊ द्या. हाडाला एकामागून एक घाईच्या धक्क्यांपेक्षा सुटे धक्के जास्त कळतात. सातव्या आठवड्यापासून जागच्या जागी लहान उड्या, चप्पल नाही, बूट घालून, आणि गुडघे किंचित वाकवून उतरायचं. एका वेळी दहाच, दोन फेऱ्या. खुब्याचे किंवा गुडघ्याचे सांधे झिजलेले असतील किंवा ऑस्टिओपोरोसिस असेल, तर उड्या नाहीत. सांधे झिजलेल्यांनी टाचाही हळूच सोडाव्या, आणि ऑस्टिओपोरोसिस असेल तर टाचांसाठीसुद्धा आधी फिजिओथेरपिस्टला विचारावं.

आठव्या आठवड्यात मॅडम उड्यांच्या वेळी दर खेपेला काहीतरी कारण काढून पाणी प्यायला जायच्या. विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाल्या, "थोडं ओलं होतं." दोन मुलं झालेल्या बाईला यात लाजण्यासारखं काय? माझ्याकडच्या निम्म्या बायकांना होतं. उड्या थांबवून आम्ही पुन्हा टाचांवर आलो आणि रोज ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा सराव सुरू केला. लघवी अडवताना जे आकसतं ते पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद पूर्ण सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणंही तेवढंच गरजेचं. उचलताना श्वास रोखून कुंथायच्याऐवजी आधी तळ आवळायचा आणि उठताना फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायचा. साधारण दहा आठवड्यांनी त्या उड्यांवर परतल्या. एवढ्या दिवसांत फरक पडला नाही, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आठवडे १५ ते ३२: खरं जड

आता पाच फेऱ्या, प्रत्येकीत फक्त पाच वेळा, आणि पाचवी झाल्यावर "अजून दोनच होतील" असं वजन. मधे पूर्ण तीन मिनिटं विश्रांती. मॅडमना ही विश्रांती वेळेचा अपव्यय वाटायची, त्या उत्तरपत्रिका घेऊन यायला लागल्या. पण तीन मिनिटं दिली नाहीत तर पुढची फेरी दमाची होते, ताकदीची नाही. पहिल्या दोन तयारीच्या फेऱ्या हलक्या: ४५ किलोचा दिवस असेल तर आधी २० किलो आठ वेळा, मग ३२.५ किलो पाच वेळा.

पाच फेऱ्यांचा हा नियम उचलणं आणि बसा-उठा या दोन हालचालींना. ओढणं-ढकलणं तीन फेऱ्या, आठ-आठ वेळा. दर सहाव्या आठवड्यात वजन तेच ठेवून फेऱ्या निम्म्या करायच्या. या वयात स्नायूंपेक्षा त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागे राहतात, त्यांना ही उसंत लागते.

वहीतल्या नोंदी अशा: उचलणं पहिल्या आठवड्यात ८ किलो, सहाव्यात १६, चौदाव्यात ३५, बत्तिसाव्यात ५५. बसा-उठा रिकाम्या हातांनी सुरू होऊन बत्तिसाव्या आठवड्यात खांद्यावर ३० किलोचा रॉड. ओढणं ५ वरून १२.५. ढकलणं एका हाताला २ वरून ६. ढकलणं सगळ्यांत हळू चढतं, त्याने खट्टू होऊ नये, बायकांचं तसंच असतं. तुमचे आकडे याहून वेगळे येतील. वहीत तारीख, वजन, फेऱ्या आणि शेवटी किती बाकी वाटले, एवढं लिहा. हा शेवटचा आकडा पुढचं वजन ठरवतो.

त्याच्या जोडीला झोपेचा एक रकाना मी आखून दिला. वाफांमुळे रात्र जागून निघाली असेल, चार-पाच तासच झोप झाली असेल, तर त्या दिवशी वजन तेच, फेऱ्या निम्म्या. घरी थांबायचं नाही. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करायचो, कारण सात वाजता आमच्या हॉलचे पत्रे तापतात आणि घामेजल्या हातातून रॉड निसटतो. एक कोरडा नॅपकिन कायम जवळ. घाम काढणारी वाफ फेरीच्या मधे आली तर रॉड ठेवा, दोन मिनिटं थांबा, आणि थांबलात तिथून पुढे मोजा.

पोटाचे व्यायाम म्हणून उताणं पडून उठाबशा काढणं मी या वयात काढून टाकते. हाडं विरळ झाली असतील तर मणका वारंवार पुढे मुडपणं धोक्याचं, हलासनही त्यातलंच. योगवर्गाला जात असाल तर शिक्षकांना टी-स्कोअर सांगा.

ताटात काय वाढलं

एक आठवडा मॅडमनी खाल्लेलं लिहून आणलं. सकाळी तर्री पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण-भात, रात्री तेच थोडं कमी. प्रथिनं ४० ग्रॅमच्या आसपास. ६३ किलोच्या बाईला वजनं उचलताना किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे ७५ ग्रॅमच्या जवळपास हवीत, कारण या वयात तेवढ्याच घासातून स्नायू कमी बांधला जातो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

आम्ही नवीन काही आणलं नाही. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (८). चार पोळ्या दुपारी आणि रात्री वाटून (१३). दुपारी थोडा भात (४) आणि तुरीचं घट्ट वरण, ४० ग्रॅम कच्च्या डाळीचं (९). वाटी दही (५). चारच्या चहासोबत मूठभर शेंगदाणे (७). रात्री ३० ग्रॅम सुक्या सोयावड्यांचा रस्सा (१५) आणि भाज्यांतून तीनेक. बेरीज ७६. पोह्यांवरचा तर्रीचा लाल रस प्रथिनांत धरायचा नाही, त्यातले चणे धरायचे. कॅल्शियमसाठी दूध-दही, तिळाची चटणी आणि थंडीत नाचणीची भाकर. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, उरलेलं डॉक्टरांच्या गोळीने.

अडचण गुरुवारची. मॅडम गजानन महाराजांचा उपास करतात आणि दिवसभर साबुदाणा खातात, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. शुक्रवारी वही दर वेळी खाली घसरायची आणि आम्ही झोपेला दोष देत बसलो होतो. उपास मोडायला सांगण्याची माझी टाप नव्हती. उपासाला दही, दूध, दाण्याची आमटी वाढवली आणि व्यायाम शनिवारवर नेला. दोन आठवड्यांत घसरण थांबली.

तपासणी कधी, आणि पुढे काय

चार महिन्यांनी मॅडमना पुन्हा डेक्सा करायची घाई झाली होती, मी नको म्हटलं. जुनं खरवडून त्या जागी नवं हाड घट्ट व्हायला चार ते सहा महिने लागतात. त्याआधी मोजून हाती काही लागत नाही. निदान वर्षाने, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं तर तुलना फुकट. त्यांनी चौदाव्या महिन्यात केली. मणका उणे १.७ तसाच, खुबा उणे १.३ वरून उणे १.२. खुब्याचा तो फरक यंत्राच्या चुकीतही बसतो, म्हणून मी त्याचे पेढे वाटू दिले नाहीत. पण ज्या वर्षात मणका दोन टक्के जाऊ शकला असता, त्या वर्षात तो जागेवर राहिला होता. टी-स्कोअर उतरतच राहिला असता तर नुसत्या व्यायामावर न थांबता औषध किंवा हार्मोनबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागलं असतं.

बत्तिसाव्या आठवड्यानंतर वजन दर वेळी चढत नाही. आता महिन्याला अडीच किलो चढले तरी आम्ही खूश, आणि दिवस दोनच. खंड पडतोच: दिवाळी, परीक्षा, लग्नसराई. एक आठवडा चुकला तर काही बदलू नका. तीन आठवडे गेले तर शेवटच्या वजनाच्या ८० टक्क्यांवर परत या आणि दोन आठवड्यांत वर चढा. दोन महिने गेले तर चौदाव्या आठवड्याच्या पानापासून. मॅडमच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पाच आठवडे गेले होते. ५५ वर परतायच्याऐवजी त्यांनी माझ्या पाठीमागे विटा मोजल्या, स्वतः ४० लावले आणि मला म्हणाल्या, "आज तुम्ही फक्त मोजा."